कढीलिंबाचा वास जातो कुठे?

कोथिंबिरीची जुडी आपण चार वेळा उलटीसुलटी करून पाहतो, मिरची मोडून बघतो, टोमॅटो दाबून बघतो. कढीलिंबाचं मात्र असं नसतं. भाजीवाली शेवटी पिशवीत जे दोन डहाळे टाकते तेच आपण घरी आणतो. दहा रुपयांत कोथिंबीर, मिरची, आल्याचा तुकडा आणि कढीलिंब असा ‘मसाला’ घेतला, तर त्यातलं सर्वांत शिळं काय असेल हे विचारायची गरज नसते. मग तिसऱ्या दिवशी फ्रीजमधली प्लास्टिकची पिशवी उघडली की काळपट, ओलसर पानं तळाशी चिकटलेली दिसतात आणि आपण म्हणतो, कढीलिंब काही टिकत नाही.

टिकतो. व्यवस्थित निवडला आणि ठेवला तर फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे, फ्रीझरमध्ये सहा महिने. फक्त आपण नेमकं काय टिकवायला निघालो आहोत हे आधी कळायला हवं, कारण पानाचा हिरवा रंग आणि पानाचा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः बरीच वर्षं रंग सांभाळत बसले आणि वास घालवला.

कढीलिंबाचं एक पान खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहा. हिरव्या पात्यात टाचणीच्या टोकाएवढे अर्धपारदर्शक ठिपके दिसतील. लिंबाच्या पानातही असेच दिसतात. आपण याला कढीलिंब म्हणतो, विदर्भात गोडलिंब म्हणतात, त्यामुळे हा कडुलिंबाचा भाऊबंद वाटतो. प्रत्यक्षात नातं आहे ते लिंबू-संत्र्याशी. हे ठिपके म्हणजे तेलाच्या पिशव्या. पानाचा वास सगळा त्यांत भरलेला असतो. हे तेल उडून जाणारं असतं. त्यात पाइनच्या लाकडाची आठवण करून देणारे घटक असतात, मिऱ्यात आणि लवंगेत सापडणारा एक घटक असतो आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात गंधक असलेलं एक संयुगही असतं. कढीलिंबाला ‘कढीलिंबाचा’ म्हणून ओळखू येणारा जो किंचित जळका, धुरकट वास आहे, तो मुख्यतः त्या गंधकवाल्या संयुगाचा. पान अखंड आहे तोवर तेल पिशवीत राहतं. पान चुरडलं, फाटलं, कुजलं, उन्हात तापलं की पिशव्या फुटतात आणि वास हवेत जातो. साठवणुकीच्या सगळ्या युक्त्यांमागे एवढंच आहे: पिशव्या फुटू द्यायच्या नाहीत, आणि फोडायच्याच असतील तर त्या कढईत, गरम तेलात फोडायच्या.

आता निवड. भाजीवालीकडे जुडी हातात घेतली की आधी मधला देठ पाहावा, ज्याच्या दोन्ही बाजूंना पानं लागलेली असतात तो. काही डहाळ्यांचा देठ हिरवा असतो, काहींचा तांबूस-गुलाबी. तांबूस देठाची, लहान आणि गडद पानं साधारणपणे जास्त वासाची निघतात. तमिळनाडूत कोइमतूरच्या बाजूला कढीलिंबाची शेतीच होते. तिथे या लाल देठाच्या जातीला सेंगांबू म्हणतात आणि बाजारात तिला मान आहे. मोठी, रुंद, पोपटी, मऊसूत पानं दिसायला देखणी असतात, पण बहुतेकदा भरपूर पाण्यावर आणि खतावर वाढलेली असतात. त्यांच्यावर माझा भरवसा नाही.

देठ पाहिला की एक पान फाडायचं. चोळायचं नाही. चोळलं की कुठलंही पान थोडा वास देतंच. मधोमध फाडून नाकाशी नेलं आणि वास लगेच आला तर पान चांगलं. दोनदा हुंगावं लागलं तर जुडी परत ठेवावी. माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी याला हसतात. “ताई, फुकटच्या पाल्याला एवढी परीक्षा?” म्हणतात, पण आता त्या स्वतःच माझ्यासाठी पाटीच्या तळातला एखादा लाल देठाचा डहाळा शोधून काढतात.

तिसरी परीक्षा हलवून पाहण्याची. जुडी देठाकडून धरून हलकासा झटका द्यावा. ताज्या डहाळीचं पान गळत नाही. तोडून दोन-तीन दिवस झालेली, उन्हात ठेवून वर पाणी शिंपडलेली डहाळी टपाटप पानं सोडते. वरून हिरवीगार दिसत असली तरी तिचं आयुष्य संपत आलेलं असतं. पानं पिकताना झाडातच इथिलीन नावाचा वायू तयार होतो, तो देठाशी पानाचा जोड सैल करतो. पिकणारी फळंही हाच वायू सोडतात. म्हणून कढीलिंबाची डबी केळी, आंबे किंवा सफरचंदं ठेवलेल्या कप्प्यात ठेवू नये. चार दिवसांत सगळी पानं खाली आणि देठ वर अशी अवस्था होते.

डाग पाहताना मात्र थोडं डोकं चालवावं. पानाला अळीने कुरतडलेलं भोक असेल तर काहीच बिघडत नाही. लिंबावर येणारी फुलपाखरं कढीलिंबावरही अंडी घालतात. त्यांची छोटी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि ती बेमालूम पानावर बसलेली असते, तेवढी धुताना पाहावी. काजळी धरल्यासारखा काळा थर असेल तर ते झाड मावा किंवा खवले किडीच्या चिकट स्रावाने माखलेलं आहे असं समजावं. थर पुसला जातो, पण अशी पानं साठवायला घेऊ नयेत. पिवळी पडू लागलेली पानंही नकोत.

साठवायचाच असेल तर हंगामही पाहावा लागतो. भर पावसात पानं भरपूर असतात, पण पाणीदार असतात आणि वाळत नाहीत. थंडी वाढली की झाड मंदावतं, पानं पिवळी होऊन गळतात, आणि मग जानेवारीत बाजारात कढीलिंब महाग आणि कोमेजलेला असतो. पाऊस थांबल्यावर, दिवाळीच्या आसपास पानं भरलेली, गडद आणि चांगल्या वासाची असतात. वर्षभराची बेगमी करायची वेळ हीच. दिवाळीचा चिवडा याच काळात होतो, हा योग चांगला जुळतो.

आधी रोजच्या फ्रीजचं पाहू. यात सर्वांत मोठी चूक धुऊन ठेवण्याची. पाणी पानाच्या खाचांत राहतं, बंद डबीत ते वाफ होऊन पुन्हा थेंब बनतं, त्या ओलीत बुरशी धरते आणि पान काळं पडतं. म्हणून फ्रीजमध्ये ठेवायचा कढीलिंब धुवायचा नाही. धुवायचा तो वापरायच्या आधी, दोन पाण्यांत. जुडी घरी आली की दोर सोडायचा, सुटे डहाळे सुती पंचावर पसरून तासभर पंख्याखाली ठेवायचे, काळी-पिवळी पानं खुडून टाकायची. पानं डहाळ्यावरच राहू द्यावीत. देठाशी लागलेलं पान ओलावा हळू गमावतं आणि चुरडलंही जात नाही. मग हवाबंद डबीच्या तळाला कागदी रुमाल किंवा जुन्या धोतराचा तुकडा, वर डहाळे, वर पुन्हा कापड. कापड ओलं वाटलं की बदलायचं, एक काळं पान दिसलं की लगेच काढायचं. असा कढीलिंब माझ्याकडे दोन आठवडे ताजा राहतो, तिसऱ्या आठवड्यात थोडा मलूल होतो. कोथिंबिरीसारखा पाण्याच्या पेल्यात उभा करून ठेवायचा सल्ला लोक देतात. दोन-तीन दिवसांसाठी ठीक आहे, त्यापुढे पानं गळायला लागतात.

आता महिन्यांची गोष्ट. गेल्या दिवाळीआधी शेजारच्या अंगणातलं झाड छाटलं. टोपलीभर डहाळे मिळाले. पानं ओरबाडल्यावर बरोबर ४०० ग्रॅम भरली. कढीलिंबाच्या ताज्या पानात वजनाच्या साधारण दोन तृतीयांश पाणीच असतं, म्हणजे हे वाळवलं की जेमतेम दीडशे ग्रॅम हाती येणार होतं. मी दोन समान वाटे केले. २०० ग्रॅम वाळवायला, २०० ग्रॅम फ्रीझरला.

या दोन्ही वाट्यांची पानं मात्र धुतली. फ्रीजच्या नियमाच्या उलट वाटेल, पण कारण साधं आहे. वाळवलेलं किंवा गोठवलेलं पान नंतर धुता येत नाही. वाळलेल्याचा चुरा होतो, गोठलेलं पाण्यात पडताच मऊ आणि काळं होतं. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवून खळबळली, तीन पाणी केली. त्याने धूळ, कीड, वर बसलेल्या फवारणीचा काही भाग जातो. पानात मुरलेलं औषध धुऊन जात नाही. कढीलिंबावर फवारणी जास्त होते हे खरंच आहे. त्यातल्या कीटकनाशकांच्या अंशांमुळे युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या कढीलिंबाची तपासणी कडक केली होती. म्हणून महिन्यांची बेगमी ओळखीच्या झाडाची असेल तर उत्तम.

धुऊन झाल्यावर पानं चाळणीत निथळली आणि पंचावर एकेरी थरात पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवली. बोटाला ओल लागता कामा नये. इथे घाई केली तर पुढचं सगळं फसतं.

फ्रीझरचा वाटा आधी सांगते, कारण फोडणीसाठी तोच खरा. पानं एका ताटात पसरून तास-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवली. कडक झाल्यावर २५-२५ ग्रॅमच्या आठ लहान पिशव्या भरल्या, हाताने चपट्या दाबत हवा काढली आणि तोंड बंद केलं. आधी ताटात गोठवल्याने पानं एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, हवी तेवढी सुटी निघतात. लहान पिशव्या करायचं कारण असं की मोठी पिशवी रोज उघडली की दर वेळी बाहेरची दमट हवा आत जाते, पानांवर बर्फाची भुकटी जमते आणि पानं हळूहळू कोरडी, फिकट होतात. या पिशव्या फ्रीझरच्या आत, मागच्या बाजूला ठेवाव्यात. दाराशी तापमान सारखं वरखाली होतं.

गोठवताना पानातल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात. त्यामुळे पान वितळलं की कापलेलं वांगं काळं पडावं तसं काळं पडतं. पानातली विकरं हवेशी भेटतात, त्याचा हा परिणाम. पण गोठलेलं असताना हे सगळं जवळजवळ थांबलेलं असतं. म्हणून नियम एकच: फ्रीझरमधून पान काढायचं आणि थेट कढईत टाकायचं. ओट्यावर ठेवून वितळू द्यायचं नाही. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली की गोठलेली आठ-दहा पानं टाकावीत आणि हातात झाकण तयार ठेवावं, कारण पानावरचा बर्फ तेलात जोरात उडतो. एकदा माझ्या मनगटावर फोड आला होता, तेव्हापासून मी गॅस बारीक करून मगच पानं टाकते.

घरी रंग टिकवायचा म्हणून आधी पानं उकळत्या पाण्यात बुडवायची पद्धत आहे. मी पूर्वी तेच करत असे. अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात. पानं पोपटासारखी हिरवी राहतात, कारण काळं पाडणारी विकरं मरतात. पण पातेल्यावरच्या वाफेलाच कढीलिंबाचा वास येत असतो, म्हणजे पानातला माल वाफेतून निघून चाललेला असतो. आता मी हे अजिबात करत नाही. फोडणीत हिरवं आणि काळपट पान दोन्ही सारखंच दिसतं.

तेलात गोठवायची रीतही चांगली आहे. बर्फाच्या साच्यात प्रत्येक खणात सात-आठ कोरडी पानं मोडून घालायची, बुडेपर्यंत खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल ओतायचं आणि गोठवायचं. वास तेलात विरघळतो, तेलाबाहेर हवा लागत नाही. एक वडी कढईत टाकली की फोडणीची सोय झाली. मात्र कच्ची पानं तेलात बुडवून बरणी बाहेर ओट्यावर ठेवायची नाही. लसणाच्या तेलाबाबत जो धोका सांगतात तोच इथे आहे. तेलाखाली हवा नसते, पानात ओल असते, आणि अशा जागी वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष वासाने किंवा चवीने कळत नाही. हे काम फ्रीझरमध्येच.

दुसरा वाटा वाळवला. घराच्या आतल्या खोलीत, खिडकीतून वारा येतो पण ऊन येत नाही अशा जागी, दोन सुपांत एकेरी थर. ऊन का नको, तर उन्हात हिरवा रंग उडतो आणि तेलही तापून उडतं. रोज सकाळ-संध्याकाळ पानं हलक्या हाताने उलटली. पुण्याच्या कोरड्या हवेत चौथ्या दिवशी पानं वाळली. कोकणात किंवा मुंबईत हेच काम आठवडाभर चालेल, आणि हवा दमट असेल तर वाळण्याआधी बुरशी धरेल. तिथे पंखा रात्रंदिवस हवा, नाहीतर सरळ फ्रीझरची वाट धरावी.

ओव्हन किंवा एअर फ्रायर वापरणारे विचारतात, म्हणून सांगते: सर्वांत कमी तापमानावर, ४०-५० अंशांच्या आसपास, दार किंचित उघडं ठेवून. त्याहून गरम झालं की घरभर घमघमाट सुटतो आणि आपल्याला वाटतं काम छान चाललंय. उलटं आहे. घरात पसरलेला तो वास पानातून गेलेला आहे, बरणीत आता तेवढा कमी येणार. मायक्रोवेव्हमध्ये दोन कागदी रुमालांमध्ये २०-२५ पानं ठेवून आधी एक मिनिट, मग वीस-वीस सेकंद असं केलं तर रंग सुरेख राहतो, पण एका वेळी मूठभरच होतात आणि एक झटका जास्त झाला तर करपतात.

वाळलं कधी म्हणायचं? पान वाकवून पाहावं. चामड्यासारखं वाकलं तर अजून ओल आहे. मधली शीर कटकन मोडली की झालं. माझे २०० ग्रॅम वाळून ७५ ग्रॅमच्या थोडे वर राहिले. ते लगेच डब्यात भरले नाहीत. काचेच्या बरणीत दोन दिवस झाकून ठेवले. काचेवर आतून दव दिसलं किंवा पानं पुन्हा नरम पडली तर ती बाहेर काढून परत वाळवायची. तिसऱ्या दिवशी बरणी कोरडी होती, पानं खुळखुळत होती. मग बरणी अंधाऱ्या फडताळात, गॅसपासून लांब ठेवली. पानं अख्खीच ठेवली. पूड करून ठेवली की सगळ्या तेलपिशव्या एकदम फुटतात आणि महिन्याभरात हिरवट भुसा उरतो.

आता निकाल. संक्रांतीला दोन्ही पानांची फोडणी करून पाहिली. फ्रीझरचं पान कढईत पडलं आणि शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, “आज कढी का?” वाळलेलं पान तेलात तीन-चार सेकंदांत काळं पडलं. त्यात पाणीच नसल्यामुळे ते तडतडतही नाही, सरळ जळतं. वाळलेलं पान फोडणीत घालायचं असेल तर गॅस बंद करून शेवटी घालावं, आणि ताज्याच्या दीडपट-दुप्पट घ्यावं. होळीला फ्रीझरचं पान थोडं मवाळ झालं होतं, तरी कढीलिंब म्हणून ओळखू येत होतं. एप्रिलअखेरीस शेवटच्या पिशवीत पानांच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या. तेव्हा फोडणीला दहाऐवजी पंधरा पानं घातली.

वाळलेल्याचा उपयोग वेगळा. चिवड्यात ओलं पान घातलं तर चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. वाळलेलं पान कोमट तेलात परतून घातलं की कुरकुरीत राहतं. चटणीला, मेतकुटात, सांबारच्या मसाल्यात तेच बरं. आणि जिथे झाड नाही तिथेही तेच. परदेशी राहणाऱ्या मुलांना मात्र हे सामानात देण्याआधी चौकशी करावी. अमेरिकेत ताजा कढीलिंब नेता येत नाही. त्याच्यावर वाढणारी एक बारीक कीड संत्र्या-लिंबाच्या झाडांना ‘सिट्रस ग्रीनिंग’ हा रोग देते. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या संत्राबागांचं मोठं नुकसान झालं. वाळलेली पानं असली तरी ती सामानात आहेत हे विमानतळावर सांगावंच लागतं.

माझ्या बरणीतली पानं मे महिन्यात चोळून पाहिली. तळहातावर वाळल्या गवताचा वास आला, कढीलिंबाचा अगदी पुसट. उरलेली मूठभर मग एक वाटी सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, सात-आठ लसूण पाकळ्या, चार सुक्या मिरच्या आणि चिंचेच्या बोटाएवढ्या तुकड्याबरोबर मंद भाजून वाटली. पानांचं काम लसणाने केलं. भाकरीबरोबर चार दिवसांत बरणी रिकामी झाली, आणि ती धुऊन उन्हात ठेवली.